फ्लॅट नको, पण ब्रोकर हवा

नमस्कार ताई,

आम्ही जूनअखेरीला नांदेडहून पुण्यात आलो. मी, मिस्टर, आठ वर्षांची मुलगी आणि सासूबाई. मिस्टरांचं ऑफिस हिंजवडीत, म्हणून वाकडच्या आसपास टू बीएचके शोधतोय. बजेट २७,०००, मेंटेनन्स धरून. सध्या नणंदेकडे राहतोय. एका ब्रोकरदादांनी कस्पटे वस्तीत एक फ्लॅट दाखवला. माणूस चांगला आहे, भर पावसात स्कूटरवरून आला. फ्लॅट मात्र अंधारा. दोन्ही बेडरूमच्या खिडक्या शेजारच्या बिल्डिंगच्या भिंतीवर उघडतात. मालकीणबाई समोरच उभ्या होत्या, म्हणून मी तोंडदेखलं "छान आहे, घरी बोलून कळवतो" म्हणाले. आज पाच दिवस झाले. त्यांचे तीन फोन येऊन गेले, मी उचलले नाहीत. आता नाही म्हटलं तर ते पुढचे फ्लॅट दाखवतील का? मिस्टर म्हणतात, भाडं परवडत नाही म्हणून सांग, विषय मिटेल. काय करू?

— वाकडची होऊ घातलेली

*

आज संध्याकाळी सातच्या सुमारास त्यांना फोन करा. मेसेज नंतर, आधी फोन. आणि मिस्टरांना सांगा, भाड्याचं कारण अजिबात द्यायचं नाही. का, ते पुढे येईलच.

मी हे एवढ्या ठामपणे सांगते कारण लग्नानंतरची सात वर्षं मी दिरांच्या एजन्सीत बसले आहे. कोथरूडमधला दहा बाय बाराचा गाळा, एक टेबल, भिंतीवर खिळे ठोकलेली फळी आणि तिच्यावर टांगलेल्या किल्ल्या, प्रत्येकीला लग्नपत्रिकेच्या जाड कागदातून कापलेलं लेबल. फोन घेणं आणि वही लिहिणं माझ्याकडे. वहीच्या डाव्या पानावर फ्लॅट, उजव्या पानावर पार्टी. (ब्रोकरच्या भाषेत तुम्ही म्हणजे 'पार्टी', मग एकटे असा की चौघं.) पार्टीच्या नावापुढे दीर तीनपैकी एक खूण करायचे. जमलं तर बरोबर, नाही म्हणाले तर फुली, आणि 'कळवतो' म्हणून गेले ते परत बोललेच नाहीत तर आडवी रेघ.

फुलीवाल्यांना ते पुन्हा फोन करायचे. रेघवाल्यांना नाही.

म्हणजे तुम्हाला ज्या शब्दाची भीती वाटतेय, त्याने काही बिघडत नाही. एक फ्लॅट बघून पहिल्या फटक्यात हो म्हणणारे दहात एक-दोन असतील नसतील. नकार ऐकणं हा त्या धंद्याचा रोजचा चहा आहे. बिघडतं ते न उचललेल्या फोनने. आणि ते का, हे त्यांच्या बाजूने बघितलं की लगेच कळतं.

तुम्ही खाली उतरून रिक्षात बसलात, तेव्हा ते वर मालकीणबाईंपाशी थांबले असणार. बाईंनी विचारलं असणार, "काय म्हणाले?" तुम्ही 'छान आहे' म्हणाला होतात, तर ते म्हणाले असणार, "पार्टी इंटरेस्टेड आहे, दोन दिवस द्या." बाईंनी दोन दिवस दिले. तिसऱ्या दिवशी बाईंचा फोन. हे तुम्हाला फोन लावतात, तुम्ही उचलत नाही. मग ते बाईंना काहीतरी जुळवून सांगतात. पाचव्या दिवशी बाई दुसऱ्या ब्रोकरलाही फ्लॅट देऊन टाकतात, कारण भाड्याचा फ्लॅट सहसा एकाच ब्रोकरकडे बांधलेला नसतो. तुमच्या तीन न उचललेल्या फोनांची किंमत त्यांनी मालकिणीपुढे मोजली आहे. तुमच्यावर रागावलेले असतील तर त्यासाठी, फ्लॅट न आवडल्यासाठी नव्हे.

म्हणून फोनवरचं पहिलं वाक्य त्याबद्दलचं हवं, आणि छोटं हवं. सासूबाईंचं दुखणं, मुलीची शाळा, नेटवर्क, यातलं काही सांगत बसू नका. चूक झाली म्हणायचं आणि पुढे जायचं.

आता एक गोष्ट, जी बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसते. पहिला फ्लॅट जो तुम्हाला दाखवला जातो, तो तुमच्यासाठी सर्वांत चांगला म्हणून निवडलेला असतोच असं नाही. बहुतेक वेळा तो ब्रोकरच्या स्वतःच्या वहीतला असतो, म्हणजे मालक त्याचाच. पुण्यात साधारण रीत अशी की अकरा महिन्यांच्या करारासाठी भाडेकरूकडून एक महिन्याचं भाडं ब्रोकरेज घ्यायचं, कुठे पंधरा दिवसांवर भागतं, आणि मालकाकडूनही बऱ्याचदा तितकंच. स्वतःच्या मालकाचा फ्लॅट गेला तर दोन्हीकडची दलाली एकाच खिशात. दुसऱ्या ब्रोकरच्या मालकाचा फ्लॅट तुम्ही घेतलात तर ज्याची पार्टी त्याची दलाली. त्याला 'साइड बाय साइड' म्हणतात. तुमच्या दादांना मग फक्त तुमच्याकडची मिळेल. फेऱ्या तितक्याच, पेट्रोल तितकंच, पाऊस तितकाच, पैसे मात्र अर्धे.

याचा अर्थ, वाकडमधले बाकीचे पन्नास फ्लॅट तुमच्यासाठी उघडतात ते पहिल्या नकारानंतरच. ब्रोकर लोकांचे व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप असतात, त्यावर दिवसभर 'रिक्वायरमेंट' पडत असतात: टू बीएचके, अमुक एरिया, फॅमिली, बजेट इतकं, या तारखेपासून. तुमचे दादा तुमच्यासाठी ती एक ओळ टाकतील की नाही, हा खरा प्रश्न आहे. अर्ध्या दलालीसाठी ते तेव्हाच टाकतील, जेव्हा त्यांना दोन गोष्टींची खात्री असेल: या लोकांना घर खरंच घ्यायचंय, आणि यांना नेमकं काय नको ते मला कळलंय.

तेव्हा तुमचं नकाराचं कारण असं हवं, की ते जसंच्या तसं त्या ओळीत बसेल. 'दोन्ही बेडरूमला उजेड हवा.' बसलं. 'वाइब्ज आल्या नाहीत', 'मन बसलं नाही', 'मिस्टरांना तितकंसं नाही', यातलं काहीच त्या ओळीत बसत नाही. असं ऐकून ब्रोकर पुढचा फ्लॅट कुठला दाखवणार? अंदाजाने दाखवणार, तोही अंधारा निघणार, आणि तिसऱ्या फेरीनंतर तुम्ही 'टाइमपास पार्टी' ठरणार. चूक त्यांची नाही.

कारण एकच द्या. घरात न आवडलेल्या सात गोष्टी असतील, पण जी बदलता येत नाही आणि जिच्यामुळे तुम्ही ठरवलंत, तीच सांगा. खिडकीसमोरची भिंत बदलता येत नाही. गिझर नाही, भिंतींना ओल आहे, एक नळ गळतो, ही नकाराची कारणं नाहीतच, या मागण्या आहेत. त्या बोललात की समोरचा समजतो, सौदा चालू आहे. "गिझर बसवून देतील की, मी बोलतो" म्हणून दादा उत्साहाने मालकिणीकडे जातील, आणि तुम्हाला दुसऱ्यांदा नाही म्हणावं लागेल.

भाड्याचंही तेच. आमच्याकडे २०१४ च्या सुमाराला एक जोडपं आलं होतं, दोघं बँकेत. कर्वेनगरचा फ्लॅट, भाडं १८,०००. त्यांना खालच्या दुकानातून येणारा तळणाचा वास सहन झाला नव्हता, पण वासाचं कसं बोलायचं म्हणून ते म्हणाले, "भाडं थोडं जास्त वाटतंय." दीर मालकाकडे गेले. मालक निवृत्त शिक्षक, तिथे दीड तास बसले, दोनदा चहा झाला, आणि १६,५०० वर आणलं. आनंदाने फोन केला, तर पलीकडून, "हो का... पण बाल्कनी लहान आहे ना." दिरांनी फोन ठेवला आणि वहीत त्या नावापुढे फुलीही केली नाही, रेघही नाही. नावच खोडलं. त्या मालकाने पुढचे दोन भाडेकरू दुसऱ्याकडून घेतले. वासाचं सरळ सांगितलं असतं तर त्याच आठवड्यात त्याच गल्लीत तिसऱ्या मजल्यावरचा, मागच्या बाजूचा फ्लॅट रिकामा होत होता, तो दाखवला असता. माझ्या डाव्या पानावर तो लिहिलेला होता.

भाड्याचं कारण फक्त तेव्हा द्यायचं, जेव्हा तितकं कमी झालं तर तुम्ही खरोखर घेणार असता. आणि तेव्हाही 'जास्त आहे' न म्हणता आकडा सांगायचा.

तर फोनवर साधारण असं बोला. शब्द तुमचे वापरा, क्रम हाच ठेवा.

"दादा, नमस्कार. कस्पटे वस्तीचा फ्लॅट बघायला आलो होतो ना, मी बोलतेय. तुमचे फोन आले होते, मी उचलले नाहीत, ते चुकलंच माझं. तो फ्लॅट आमच्याकडून नाही, मालकीणबाईंना कळवून टाका. दोन्ही बेडरूमला उजेड नाही, एवढंच कारण. किचन, सोसायटी, एरिया सगळं पटलं होतं. आम्हाला १ ऑगस्टपर्यंत घर घ्यायचंच आहे. तुमच्याकडे किंवा तुमच्या ग्रुपवर उजेडाचा असेल तर बघायला येतो, शनिवारी सकाळी दोघंही मोकळे आहोत."

'आमच्याकडून नाही' हे शब्द मुद्दाम दिलेत. 'बघू', 'सध्या तरी नको', 'होल्डवर ठेवा' असं म्हणालात तर तो नकार राहत नाही, आणि दादा मालकिणीला आणखी दोन दिवस मागतील. 'मालकीणबाईंना कळवून टाका' म्हटलंत की त्यांची तिकडची गाठ सुटते. 'तुमच्या ग्रुपवर' हे म्हणालात की त्यांना कळतं, बाहेरचा फ्लॅट दाखवला तरी या बाई मलाच धरून चालणार आहेत.

आणि काय पटलं ते सांगायला विसरू नका. हा गोडवा नव्हे. किचन पटलं, एरिया पटला, म्हणजे तेवढं तसंच ठेवून बाकीचं बदलायचं, हा त्यांच्यासाठी पत्ता आहे.

पण नणंदेकडे राहतोय, कधी एकदा बाहेर पडतोय असं झालंय, हे बोलू नका. तारीख सांगा, अडचण नको. अडचण कळली की सहज बोलल्यासारखं "अजून दोन पार्ट्या बघून गेल्यात" सुरू होतं.

फोन झाला की दहा मिनिटांत मेसेज टाका. मेसेज लिहिताना एक लक्षात ठेवा: तो पुढे जाणार आहे. पहिला भाग मालकीणबाईंना दाखवला जाईल, दुसरा ग्रुपवर पडेल. 'कोंदट', 'अंधारकोठडी', 'त्या बाई फार प्रश्न विचारतात', असलं काही त्यात नको. मी असते तर असा लिहिला असता:

"नमस्कार दादा. कस्पटे वस्तीचा टू बीएचके आमच्याकडून नाही. घर नीटनेटकं ठेवलंय, मालकीणबाईंना धन्यवाद सांगा.

आमची रिक्वायरमेंट: टू बीएचके. वाकड, पिंपळे सौदागर किंवा पिंपळे निलख. फॅमिली, चौघं. भाडं २७,००० पर्यंत, मेंटेनन्स धरून. दोन्ही बेडरूमला उजेड. लिफ्ट हवीच, सासूबाई आहेत. टू व्हीलर पार्किंग पुरे. फर्निचर नसलं तरी चालेल. १ ऑगस्टपासून. शनिवारी १० ते १ दोघंही मोकळे."

लिफ्ट आणि पार्किंग मी तुमच्या वतीने धरलंय, तुमचं वेगळं असेल तर बदला. पण 'हवीच' एक-दोन गोष्टींनाच लावा आणि 'नसलं तरी चालेल' अशीही एक तरी ठेवा. सगळंच हवं असलेली रिक्वायरमेंट ग्रुपवर पडली की खाली कोणी काही लिहीत नाही. आणि 'मेंटेनन्स धरून' हे दर वेळी लिहा. २७,००० म्हटलं की २७,००० अधिक मेंटेनन्स असाही अर्थ लावता येतो, मग तीसचा फ्लॅट बघून पुन्हा एक नकार तुमच्याच अंगावर.

त्यावर दोन तासांत बहुधा उलटा फोन येईल: "मॅडम, मी बोललो मालकीणबाईंशी, दोन हजार कमी करतायत." येतोच. इथे भल्याभल्यांची गडबड होते, कारण २५,००० म्हटल्यावर मिस्टर तुमच्याकडे बघतील. आधी दोघांनी ठरवून ठेवा. उजेडासाठीच नको असेल तर २२,००० लाही नको, आणि तसंच सांगा: "दादा, भाड्यासाठी नाही म्हटलंच नव्हतं. दिवसा लाइट लावून राहायचं नाहीये." शब्द एकदा फिरला की पुढच्या प्रत्येक नकाराला दादा सौदा समजतील.

दिवसा लाइट वरून आठवलं. तुम्ही आत गेलात तेव्हा सगळे दिवे आधीच लागलेले होते का? ब्रोकर पुढे जातो, कुलूप उघडतो, दिवे-पंखे लावतो, खिडक्या उघडतो, बाथरूममध्ये पाणी टाकून येतो, मग तुम्हाला बोलावतो. आम्हीही करायचो, त्यात फसवणूक काही नाही, पाहुणे यायच्या आधी आपण घर आवरतोच. पण शनिवारी दुपारी बाराच्या आत बघा आणि बेडरूममध्ये गेलात की बटण स्वतः बंद करा. न आवडणारी खोली तिथल्या तिथे कळली तर पाच दिवसांचा घोळ होत नाही.

मालक समोर असताना मात्र तिथल्या तिथे बोलायचं नाही, हे तुम्ही बरोबर केलंत. मालकासमोर केलेला नकार ब्रोकरचा अपमान होतो. पण 'छान आहे'ही म्हणू नका. "बघितलं, दादांशी बोलून घेतो" एवढंच. मग खाली पार्किंगमध्ये आलात, ते स्कूटरची किल्ली काढतायत, तेव्हा सांगा. तिथे सांगितलेल्या नकाराचा मोठा फायदा असा, की ते तिथूनच दुसऱ्याला फोन लावतात. "अरे, तुझ्याकडे पिंपळे निलखचा होता ना, चावी कुठंय?" मी कितीदा ऐकलंय हे. अर्ध्या तासात तुम्ही दुसऱ्या फ्लॅटमध्ये असता. यासाठी ठरवणारी दोन्ही माणसं एकत्र जायला हवीत. एकदा तुम्ही, मग मिस्टर, मग सासूबाई, अशा एकाच फ्लॅटच्या तीन फेऱ्या कोणालाच परवडत नाहीत. सासूबाईंना शेवटी, जवळजवळ ठरलेल्या घराला घेऊन जा, तोवर व्हिडिओ कॉल करा.

शनिवारची वेळही सलग द्या. रोज संध्याकाळी एक फ्लॅट दाखवण्यापेक्षा तीन तासांत चार दाखवणं त्यांना सोपं. शिवाय चार एका दमात बघितले की तुमचा नकारही नेमका होतो. "दुसरा आणि चौथा नाही, तिसऱ्याबद्दल रात्री नऊपर्यंत सांगते." आणि मग नऊपर्यंत सांगायचं. उत्तर ठरलं नसेल तरी नऊला फोन करून "उद्या दुपारपर्यंत द्या" म्हणायचं.

तुम्ही आणखीही एक-दोन ब्रोकरांना सांगितलं असेल. नसेल तर सांगाल. त्यात लपवण्यासारखं काही नाही, सगळेच सांगतात. 'मी फक्त तुमच्याच भरवशावर आहे' अशी थाप मात्र मारू नका. ग्रुप तेच, माणसं तीच. तुमचीच रिक्वायरमेंट दुसऱ्याच्या नावाने त्यांच्या फोनवर येईल. कोणी विचारलं तर "अजून एकांना सांगितलंय" म्हणा. जपायचं ते वेगळं: जो फ्लॅट ज्याने पहिल्यांदा दाखवला, तो त्याच्यामार्फतच. दुसऱ्याने तोच फ्लॅट पुढे केला तर फोटोवरच ओळखा आणि म्हणा, "हा बघितलाय, दुसऱ्यांकडून." आत जाऊन बघून आलात तर उद्या दोघंही ब्रोकरेज मागायला उभे राहतील आणि दोघांचंही बरोबर असेल.

नाही म्हटलेल्या फ्लॅटलाही हेच लागू. समजा वीस दिवस हिंडलात, २७,००० त वाकडमध्ये उजेड मिळत नाही असं दिसलं आणि कस्पटे वस्तीचाच बरा होता असं वाटायला लागलं. होतं असं. सोसायटीच्या गेटवर जाऊन वॉचमनकडून मालकिणीचा नंबर घेऊ नका. दादांना फोन करा, "तो अजून आहे का?" नकार सभ्य शब्दांत दिलेला असेल, मालकिणीला धन्यवाद पोचलेले असतील, तर परत जायला लाज वाटत नाही. पार्टी आपल्याला टाळून थेट मालकाकडे जाईल, ही ब्रोकरची सगळ्यात मोठी धास्ती असते. तुम्ही गायब झालात की त्यांच्या मनात पहिली शंका तीच येते. कदाचित तुमच्या त्या तीन फोनांमधला एक त्यासाठीच होता.

किती नकार चालतात, असंही तुमच्या मनात येईल. तीन-चारपर्यंत काही नाही, कारण एकच राहिलं तर. पहिल्याला उजेड, दुसऱ्याला अंतर, तिसऱ्याला लिफ्टचा आवाज, चौथ्याला वास्तू, असं दर वेळी नवं निघालं की पाचव्या वेळी त्यांचा फोन येणार नाही. चौथ्या नकाराच्या आधी तुम्हीच विचारा: "दादा, या बजेटात हे मिळतं का? खरं सांगा." ते म्हणाले की २७ त उजेड आणि लिफ्ट दोन्ही हवं तर रावेत-पुनावळेकडे सरकावं लागेल किंवा दोन हजार वाढवावे लागतील, तर ते मनावर घ्या. आणि त्यांनी सांगितलेलं एकदा तरी करून बघा. वाढवता येत नसेल तर तारीख सैल करा. करारात सहसा महिन्याची नोटीस असते, त्यामुळे १ सप्टेंबरला रिकामे होणारे फ्लॅट ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कळायला लागतात, आणि ग्रुपवर यायच्या आधी ते ब्रोकरच्या वहीत असतात.

एका ठिकाणी मात्र हा सगळा सलोखा बाजूला ठेवायचा. पाच दिवस त्यांना लटकवलं म्हणून ओशाळून पुढच्या फ्लॅटला टोकन देऊ नका. "पाच हजार देऊन ठेवा, नाही आवडलं तर परत" असं म्हणतील. त्यात वाईट हेतू असेलच असं नाही, पण ते पैसे मालकाकडे गेले की परत आणायला त्याच दादांना मालकाशी भांडावं लागतं, आणि तुमचे संबंध तिथेच तुटतात. भाडं, डिपॉझिट, मेंटेनन्स, राहायला यायची तारीख आणि नोटीस, एवढं मेसेजवर लिहून आल्यावरच टोकन. आणि फ्लॅट दाखवण्याआधीच फेरीचे पैसे मागणारा कोणी भेटला तर त्याला टिकवून ठेवायची काही गरज नाही. तुमच्या दादांनी तसं काही मागितलेलं दिसत नाही.

फोन सातलाच करा. सहापर्यंत ते कोणाला तरी फ्लॅट दाखवत असतात आणि साडेआठनंतर मालकांचे फोन सुरू होतात.